विश्लेषण : खोली हजार रुपयांनी महाग, मग डिस्चार्जच्या बिलात २८ हजार कसे? बिलिंग काउंटरवर नेमके काय विचारावे?

कॅशलेस विमा आहे, मंजुरीही आली आहे, तरी डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरून ‘एवढे तुम्हाला भरावे लागतील’ असा आकडा सांगितला जातो. बऱ्याचदा हा आकडा येतो तो एका अटीतून. तिचे नाव ‘प्रमाणित वजावट’, इंग्रजीत ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’. ही अट कायदेशीर आहे, पण ती बिलाच्या प्रत्येक ओळीला लागू होत नाही. ‘एवढे कसे?’ या प्रश्नाने ही चूक सापडत नाही. ओळीओळीने विचारलेल्या प्रश्नांनी सापडते.

काउंटरवर नेमके काय घडते?

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून सोपे घेतले आहेत, पण बिलाची रचना नेहमीचीच आहे. पुण्यातील एका खासगी रुग्णालयात ६१ वर्षांच्या निवृत्त गृहस्थांची पित्ताशयाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. त्यांची तीन लाखांची पॉलिसी आहे आणि त्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. दोघांच्या खोलीचा दर तेवढाच होता. पण रात्री सोबत थांबायला जागा हवी म्हणून कुटुंबाने ४,००० रुपयांची स्वतंत्र खोली घेतली. ‘वरचे हजार रुपये तुम्हाला भरावे लागतील,’ असे दाखल होताना सांगितले गेले. तीन दिवसांचे तीन हजार, असा हिशेब मुलीने मनाशी केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकूण बिल आले १,१२,००० रुपये. विमा कंपनीने मंजूर केले ८४,०००. काउंटरवर सांगितले गेले, ‘ताई, अठ्ठावीस हजार भरायचे आहेत.’

‘अहो, पण तीनच हजार सांगितले होते ना?’

‘ते टीपीएने कापलंय. आमच्या हातात नाही.’

टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी मध्यस्थ संस्था. मुलगी टीपीए डेस्ककडे गेली, तेव्हा तिथून उत्तर आले, ‘रुग्णालयाने पाठवलेल्या बिलावरच कापलंय.’ दोघांचेही बोलणे खोटे नव्हते. तरीही २८ हजारांचा खुलासा दोघांपैकी कोणीच केला नव्हता. वडील वर कपडे बदलून बसलेले, खाली गाडी उभी. अशा वेळी बहुतेक लोक कार्ड पुढे करतात.

खोली बदलली की सगळे बिल का कापले जाते?

बहुतेक खासगी रुग्णालयांत खोलीच्या वर्गानुसार केवळ भाडे बदलत नाही. तीच शस्त्रक्रिया, तोच सर्जन, तेच टेबल. पण रुग्ण जनरल वॉर्डात असेल तर सर्जनची फी एक, स्वतंत्र खोलीत असेल तर दुसरी. डॉक्टरांची व्हिजिट, भूलतज्ज्ञाची फी, नर्सिंग यांचेही तसेच. विमा कंपनीचे म्हणणे असे, की तुम्ही मर्यादेपेक्षा वरची खोली घेतल्यामुळे या सगळ्या ओळी फुगल्या. त्या वाढीचा भार आम्ही घेणार नाही. म्हणून पॉलिसीतील मर्यादा आणि प्रत्यक्ष खोलीभाडे यांचे जे प्रमाण, त्याच प्रमाणात इतर खर्चही मंजूर होतो.

उदाहरणात ३,००० भागिले ४,००० म्हणजे ७५ टक्के. त्यामुळे खोलीशी जोडलेल्या खर्चाचे ७५ टक्के कंपनी देणार आणि २५ टक्के रुग्णाकडे येणार. दाखल होताना ‘वरचे हजार रुपये’ सांगणारा कर्मचारी फक्त भाड्यातील फरक सांगत असतो. बाकीच्या ओळींवरील परिणाम तो सांगत नाही. धक्का बसतो तो इथे.

मग चूक कुठे होते?

‘खोलीशी जोडलेला खर्च’ म्हणजे कोणता, यावर पूर्वी वाद होत. काही कंपन्या सरसकट सगळ्या बिलाला कात्री लावत. विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने २०२० मध्ये पॉलिसीच्या अटींचे प्रमाणीकरण करताना त्याला हद्द घातली. वजावट फक्त ‘असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेस’ म्हणजे संलग्न वैद्यकीय खर्चावर करता येते. औषधे आणि वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणे, आणि तपासण्या हे तीन गट त्यातून बाहेर काढले. आयसीयूच्या शुल्कालाही ही वजावट लागत नाही. कारण साधे आहे : सलाइनच्या बाटलीची छापील किंमत किंवा सोनोग्राफीचा खर्च रुग्ण कोणत्या खोलीत झोपला यावर अवलंबून नसतो, किंवा नसावा.

याच नियमावलीत आणखी एक वाक्य आहे आणि ते सहसा कोणाला माहीत नसते. जे रुग्णालय खोलीनुसार वेगळे दर लावत नाही तिथे, किंवा ज्या खर्चाचा दर खोलीनुसार बदलत नाही त्या खर्चावर, प्रमाणित वजावट करता येत नाही. म्हणजे एखाद्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरचे भाडे सर्व वर्गांना एकच असेल, तर ती ओळ कापायला नको.

ही अट आपल्या पॉलिसीत कशी लिहिली आहे, ते मोबाइलवरच तपासता येते. पॉलिसीची पीडीएफ उघडून `Proportionate Deduction` आणि `Associate Medical Expenses` हे शब्द शोधावेत. काही पॉलिसींत दुसरा शब्द `Associated Medical Expenses` असा असतो. व्याख्येत औषधे, इम्प्लांट, तपासण्या वगळल्याचे वाक्य बहुधा तिथेच मिळते. वादाच्या वेळी उपयोगी पडते ते हेच छापील वाक्य, ऐकीव माहिती नव्हे. काही पॉलिसींत खोलीभाड्याला मर्यादाच नसते, काहींत रकमेऐवजी ‘सिंगल प्रायव्हेट एसी रूम’ असा वर्ग दिलेला असतो. तसे असेल आणि रुग्ण त्याच वर्गात राहिला असेल, तर खोलीच्या कारणावरून वजावट होण्याचा प्रश्न येत नाही.

सरसकट कापले आहे, हे कसे ओळखायचे?

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन भागाकार पुरतात. पहिला खोलीचा : मर्यादेपेक्षा जास्त भाडे भागिले प्रत्यक्ष भाडे. इथे १,००० भागिले ४,०००, म्हणजे २५ टक्के. दुसरा बिलाचा : कापलेली रक्कम भागिले एकूण बिल. इथे २८,००० भागिले १,१२,०००, म्हणजे पुन्हा २५ टक्के. दोन्ही टक्केवाऱ्या तंतोतंत सारख्या आल्या, तर कात्री औषधांसकट सगळ्या बिलावर चालली आहे, अशी जवळपास खात्री धरावी. हिशेब नियमाप्रमाणे झाला असता, तर दुसरी टक्केवारी पहिलीपेक्षा कमी आली असती. कारण प्रत्येक बिलात औषधे आणि तपासण्या असतातच.

आता बिलाच्या ओळी पाहू.

- खोलीभाडे, ३ दिवस : १२,०००
- नर्सिंग व निवासी डॉक्टर : ३,०००
- सर्जनची फी : ३०,०००
- भूलतज्ज्ञाची फी : ९,०००
- ऑपरेशन थिएटर : १४,०००
- डॉक्टरांच्या व्हिजिट : ४,०००
- औषधे : १६,०००
- कन्झ्युमेबल्स, म्हणजे वापरून टाकायच्या वस्तू : १४,०००
- तपासण्या : १०,०००

शेवटच्या तीन ओळींची बेरीज ४०,००० होते. त्यांना प्रमाणित वजावट लागत नाही. खोलीभाड्यातील फरक ३,००० रुपये, तो रुग्णाकडेच राहील. मधल्या पाच ओळी, नर्सिंगपासून व्हिजिटपर्यंत, मिळून ६०,००० होतात. त्यांचे २५ टक्के म्हणजे १५,०००. दोन्ही मिळून १८,०००. म्हणजे पहिल्याच तपासणीत २८ हजारांतील दहा हजार रुपये वादात आले.

अशी चूक कोणाकडून होते?

दर वेळी विमा कंपनीकडूनच होते असे नाही. डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयातून टीपीएला अंतिम बिल जाते. त्यासोबत औषधांची आणि तपासण्यांची तपशीलवार जोडपत्रे गेली, तर दावा तपासणारा प्रत्येक ओळ योग्य गटात टाकू शकतो. पण घाईत नुसता गोषवारा गेला आणि त्यात ‘हॉस्पिटल चार्जेस’ किंवा ‘ओटी चार्जेस’ अशा एकाच शीर्षकाखाली औषधे, वस्तू आणि थिएटरचे भाडे एकत्र आले, तर पलीकडच्या माणसाला ते वेगळे करता येत नाही. तो सगळ्यावर टक्केवारी लावून मोकळा होतो. म्हणूनच ‘टीपीएने कापलंय’ हे उत्तर अर्धवट ठरते. कापले टीपीएने, पण कशावर कापायचे ते रुग्णालयाच्या बिलानेच ठरवून दिलेले असू शकते.

यात पॅकेजची अडचण वेगळी. शस्त्रक्रिया पॅकेजमध्ये केली असेल, तर सर्जन, थिएटर, औषधे, वस्तू सगळे एका आकड्यात बांधलेले असते. पॅकेजचा दर खोलीनुसार बदलतो, त्यामुळे कंपनी संपूर्ण आकड्यावर वजावट लावते. अशा वेळी पॅकेजमध्ये औषधे व वस्तूंचा वाटा किती, ही फोड रुग्णालयाकडून लेखी मिळाल्याशिवाय वजावटीवर आक्षेप घेणे अवघड जाते.

बिलिंग काउंटरवर कोणते प्रश्न विचारावेत?

‘बिल एवढे का आले?’ या प्रश्नाला काउंटरवरचा कर्मचारी फार तर ‘सगळं नियमाप्रमाणेच आहे’ एवढेच सांगू शकतो. त्याच्यासमोर संगणकावर ओळी असतात. मत देण्याचा अधिकार त्याला नसतो. म्हणून त्याला मत विचारू नये, ओळ विचारावी. ज्याचे उत्तर एक आकडा, एक तारीख किंवा एक कागद असेल, असाच प्रश्न उपयोगी पडतो. या प्रकारच्या वजावटीत पुढील पाच प्रश्न पुरेसे होतात.

पहिला : ‘हे बिल कोणत्या बिलिंग क्लासने लावले आहे आणि कोणत्या तारखांना?’ रुग्ण ज्या खाटेवर होता आणि बिल ज्या वर्गाने लागले, ते दोन्ही सारखेच असतात असे नाही. रुग्णाला दुसऱ्या दिवशी खालच्या वर्गात हलवले असेल आणि संगणकात जुनाच वर्ग राहिला असेल, तर चूक इथेच सापडते. हव्या त्या वर्गात खाट रिकामी नव्हती म्हणून वरची खोली दिली असेल, तर त्याची नोंद कुठे आहे, तेही याच वेळी विचारावे. काही रुग्णालये अशा स्थितीत बिल मूळ वर्गानेच लावतात, पण ती नोंद दाखल होतानाच करून घ्यावी लागते.

दुसरा : ‘मला गोषवारा नको, तपशीलवार बिल द्या : प्रत्येक ओळीला तारीख, संख्या आणि दर.’ हे मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत तपशीलवार बिल मिळण्याचा हक्क नमूद आहे.

तिसरा : ‘यांपैकी कोणत्या ओळींचा दर खोलीनुसार बदलतो? तीच ओळ तीन हजारांच्या खोलीत असती, तर दर किती असता?’ पाचांत सर्वांत मोलाचा प्रश्न हाच, आणि याचे उत्तर फक्त रुग्णालयच देऊ शकते, टीपीए नाही. रुग्णालयाच्या दरपत्रकात वर्गानुसार रकाने असतात. त्यातील संबंधित ओळींची प्रत, नाहीतर निदान शिक्क्यासह लेखी उत्तर मागावे.

चौथा : ‘यातील कोणती रक्कम पॅकेजची आहे? असेल, तर त्यातील औषधे, वस्तू आणि तपासण्यांची फोड द्या.’

पाचवा : ‘टीपीएला कोणते कागद कोणत्या शीर्षकांखाली पाठवले? औषधांचे व तपासण्यांचे तपशील जोडले होते का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर तपशील जोडून दावा फेरतपासणीला पाठवण्याची विनंती तिथेच करता येते. काम रुग्णालयाच्या विमा डेस्ककडूनच व्हायचे असते.

यानंतर टीपीए डेस्कला एकच प्रश्न उरतो : ‘वजावटीच्या प्रत्येक रकमेपुढे पॉलिसीचे कोणते कलम लावले आहे, तो तक्ता द्या.’ मंजुरीच्या पत्रासोबत वजावटींची यादी असतेच. ती रुग्णाच्या हाती सहसा कोणी देत नाही, एवढेच. या यादीत प्रमाणित वजावट आणि ‘नॉन-पेएबल’ वस्तू वेगवेगळ्या पाहाव्यात. दोन्हींची कारणे वेगळी आहेत. एकत्र केल्या, तर वर सांगितलेली टक्केवारीची चाचणी फसते.

त्या २८ हजारांचे पुढे काय झाले असते?

उदाहरणातील मुलीने तिसरा प्रश्न विचारला, असे धरू. दरपत्रकात दिसते, की सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्सिंग आणि व्हिजिट यांचे दर खोलीनुसार बदलतात. पण ऑपरेशन थिएटरचे १४,००० सर्व वर्गांना एकच आहेत. मग थिएटरवर कापलेले २५ टक्के, म्हणजे ३,५०० रुपये, हेही वादात येतात. आता नियमाप्रमाणे रुग्णाकडे राहणारी रक्कम १८,००० वजा ३,५००, म्हणजे १४,५०० रुपये. मागितलेल्या २८ हजारांपेक्षा साडेतेरा हजारांनी कमी.

तरीही साडेचौदा हजार उरतातच, हे लक्षात ठेवलेले बरे. मनात धरलेल्या तीन हजारांपेक्षा ही रक्कम बरीच मोठी आहे आणि ती प्रश्न विचारून जाणार नाही. पॉलिसीत अट असेल आणि वरची खोली स्वतः मागून घेतली असेल, तर सर्जनच्या ३०,००० रुपयांतील साडेसात हजार कापणे नियमात बसते. दोघांच्या खोलीत सर्जनची फी समजा २४,००० असती, तर प्रत्यक्ष वाढ सहा हजारांचीच होती आणि कापले साडेसात हजार. प्रमाणाचा हिशेब हा अंदाजाचा हिशेब असतो. तो कधी रुग्णाच्या बाजूने झुकतो, कधी विरुद्ध. काउंटरवर त्यावर वाद घालून काही निघत नाही. दहा हजारांची सरसकट चूक मात्र निघते. म्हणून जोर कोणत्या ओळींवर द्यायचा, ते आधी ठरवावे.

एवढे विचारायला वेळ कुठे असतो?

डिस्चार्जच्या दिवशीची घाई हाच या चुकीचा मोठा आधार आहे. आयआरडीएआयच्या मे २०२४ मधील मुख्य परिपत्रकानुसार, रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती गेल्यावर विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते. कंपनीच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा शुल्क लावले, तर ते कंपनीने सोसायचे आहे. त्यामुळे ‘आता प्रश्न विचारलेत तर आणखी एक दिवसाचे भाडे लागेल’ असे कोणी म्हटले, तर विनंती किती वाजता गेली आणि उत्तर किती वाजता आले, या दोन वेळा लिहून घ्याव्यात. फेरतपासणीला मात्र पुन्हा वेळ लागू शकतो, हे गृहीत धरावे.

खरे तर पहिला आणि तिसरा प्रश्न डिस्चार्जच्या दिवसापर्यंत ठेवूच नयेत. नियोजित शस्त्रक्रिया असेल, तर दाखल होतानाच ते विचारता येतात. ‘वरचे हजार’ हे उत्तर मिळाले, की लगेच पुढचा प्रश्न : ‘भाड्याशिवाय कोणत्या ओळी वाढतील आणि अंदाजे कितीने?’ तेव्हा मिळालेला अंदाज पाहून कदाचित सोबतचा माणूस खुर्चीवर रात्र काढायलाही तयार झाला असता.

त्याच दिवशी ऐकलेच नाही तर?

रुग्णाला घरी नेणे आधी. पैसे भरावे लागले, तरी दाव्याचा हक्क त्यामुळे संपत नाही. पैसे भरताना ‘वजावटीवर आक्षेप नोंदवून रक्कम भरत आहोत’ असे पत्र किंवा ई-मेल रुग्णालयाच्या विमा डेस्कला आणि विमा कंपनीला पाठवावे. सोबत चार कागद घ्यावेत : तपशीलवार बिल, भरलेल्या रकमेची पावती, मंजुरीचे पत्र वजावटींच्या यादीसह, आणि दर खोलीनुसार बदलतो की नाही याबद्दलचे रुग्णालयाचे लेखी उत्तर. चौथा कागद नंतर मिळवणे सर्वांत कठीण जाते, म्हणून त्याच दिवशी मागावा.

त्यानंतर विमा कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लिहावे. पत्रात राग नको, तक्ता हवा : ओळ, रक्कम, कापलेली रक्कम, पॉलिसीच्या व्याख्येप्रमाणे कापायला हवी होती ती रक्कम, फरक. कंपनीने दाद दिली नाही, तर नियामकाचे ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि १५५२५५ ही हेल्पलाइन आहे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत, तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते.

हा हिशेब रुग्णाने का करायचा?

वर सांगितलेला एकही प्रश्न अवघड नाही, हीच यातली खटकणारी बाब आहे. खोलीचा वर्ग, प्रत्येक ओळीचा दर, तो वर्गानुसार बदलतो की नाही, हे सगळे रुग्णालयाच्या संगणकात आधीच असते. त्याशिवाय बिल तयारच होत नाही. बिलाच्या प्रत्येक ओळीपुढे ‘खोलीनुसार दर : होय किंवा नाही’ असा एक रकाना छापला, तर टीपीएला अंदाज करावा लागणार नाही आणि रुग्णाला काउंटरवर उभे राहून भागाकार करावा लागणार नाही. विमा कंपनीलाही मंजुरीच्या पत्रात ‘प्रमाणित वजावट २८,०००’ एवढेच न लिहिता ती कोणत्या ओळींवर लावली, हे सांगायला काही अडचण नसावी.

आज तसे होत नाही, आणि याचा तोटा कोणाला होतो हे उघड आहे. ज्याला इंग्रजी पॉलिसी वाचता येते, ज्याच्या घरात कॅल्क्युलेटर घेऊन काउंटरवर उभे राहणारे कोणी आहे, त्याचे दहा हजार वाचण्याची शक्यता असते. गावाकडून एकट्याने नवऱ्याला घेऊन आलेली बाई तेच दहा हजार उसने काढून भरते, आणि आपण वरची खोली घेतल्याची ती शिक्षा आहे असे समजते. अट मान्य असलेला रुग्ण आणि अट चुकीची लावली गेलेला रुग्ण, दोघेही काउंटरवरून एकच पावती घेऊन बाहेर पडतात. त्या दोघांत फरक करणारा रकाना बिलात येत नाही, तोवर तो फरक रुग्णालाच विचारून काढावा लागणार : ‘ही ओळ कोणत्या दराने लावली, आणि खालच्या खोलीत तिचा दर किती?’